घुंगरांना आलेलं आवतन

केदारनाथला या सौद्यातून मिळणार काय होतं, तर दुकानाच्या दारावरच्या तुळईला ठोकलेली खिळ्यांची एक रांग. ऐकायला फार वाटत नाही. पण उमापूरच्या पेठेत ज्याच्या दारावर जे लटकतं, तेच त्याचं आडनाव होऊन बसतं. या दारावर बैलांच्या झुली, घुंगरमाळा आणि कासरे लटकत आले होते, म्हणून घराणं 'घुंगरवाले'. उद्या तिथं बांगड्या लटकल्या तर लोक एका आठवड्यात बांगडीवाले म्हणायला लागतील, आणि जुनं नाव कुणी विचारणारही नाही.

समोरची बाजू होती शिवगंगेची, म्हणजे केदारनाथच्या बायकोची. तिचा हिशेब सरळ होता. गावातले बैल कमी होत चालले, ट्रॅक्टरला कुणी झूल घालत नाही, आणि पेठेतून दिवसभर जातात त्या बायका. बायकांना टिकल्या लागतात, पिना लागतात, साडीला फॉल लागतो. हे सगळं तिनं एका संध्याकाळी भाकरी थापता थापता सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "आवं, पोळ्यापत्तूर थांबते मी. यंदाच्या झुली विकल्या तर खिळे तुमचे. उरल्या तर खिळे माझे. मंग तोंड वाकडं करायचं न्हाई."

"न्हाई करणार," केदारनाथ म्हणाला, आणि तिथंच त्याचं तोंड थोडं वाकडं झालं.

त्याचं भय रास्त होतं. मागच्या पोळ्याला त्यानं जे करून ठेवलं होतं ते पेठ अजून विसरली नव्हती. सगळे करतात तसं त्यानंही सणाच्या सकाळी मोबाईलवर आलेलं एक चित्र पुढं ढकललं होतं. सोनेरी अक्षरांत 'बैलपोळ्याच्या हार्दिक शुभेच्छा', वर तोरण, मधे बैल, खाली फुलं. चित्रावर पुढं ढकलल्याचे ते दोन बाण उमटलेले. म्हणजे ते इतक्या हातांतून फिरून आलेलं, की त्याला कुणाचाच वास उरला नव्हता. एवढं असतं तरी चाललं असतं. पण चित्राच्या तळाशी बारीक अक्षरांत गेवराईच्या एका दुकानाचं नाव आणि नंबर होता, तो केदारनाथनं पाहिलाच नव्हता. त्याच्याच गिऱ्हाइकांनी त्याच्याच शुभेच्छा वाचून त्या नंबरला फोन लावला आणि गेवराईहून झुली आणल्या.

वर शहादेव येऊन बसला तो वेगळाच. शहादेव म्हणजे ऊसतोडीला स्वतःची बैलगाडी घेऊन जाणारा माणूस. बोलायला लागला की समोरच्याला बसायला जागा शोधावी लागते. त्यानं ते चित्र डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि विचारलं, "केदारशेठ, ह्यो बैल कुठला बे? शिंगं बघ, तंबोऱ्यावानी. आपल्याकडचा तर न्हाई. लांबचा पाव्हणा दिसतोय. जेवला का न्हाई काई?"

तेव्हापासून पेठेत केदारनाथ दिसला की जो तो विचारायचा, "पाव्हणा जेवला का?"

यंदा पोळा दोन दिवसांवर आला तरी झुली जिथल्या तिथं होत्या. लाल, निळ्या, आरशांच्या, गोंड्यांच्या. वाऱ्यानं हलल्या की एखाद्या लग्नघरातला मांडव वऱ्हाडाशिवायच हलतोय असं वाटायचं. त्यांच्यामधून घुंगरमाळा लटकत होत्या. त्या विकायच्या नव्हत्या. पोळ्याआधी लोक आपापल्या बैलांच्या माळा दुकानात आणून टाकत. दोरा बदलायचा, गंजलेलं घुंगरू काढून नवं घालायचं, चिंचेनं घासून लख्ख करायचं आणि खांदेमळणीच्या दिवशी न्यायचं, ही इथली रीत. खांदेमळणी म्हणजे पोळ्याचा आदला दिवस. त्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तेलानं मळतात आणि त्यांच्या कानाशी जाऊन त्यांना जेवणाचं बोलावणं, म्हणजे आवतन, देतात.

माळा ओवायचे केदारनाथचे वडील, नागप्पा. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. घुंगरू बोटांनी चाचपून ओवायचे, आणि ओवून झालं की माळ एकदा कानाशी हलवायचे. त्यांचं म्हणणं, माळ हलली की कुणाची ते कळतंच; माणसाच्या खोकल्यासारखं असतं ते. गल्ल्यावर त्यांचा काही उपयोग नाही, असं केदारनाथला वाटायचं. त्याची आपल्या बापाबद्दलची ही जमाबाकी चुकलेली होती. पण ती चूक उघडी पडायला एक दुपार लागली.

त्या दुपारी आभाळ खाली आलं होतं आणि उजेड ताकासारखा पातळ झाला होता. पेठेत माणूस नाही. केदारनाथ मोबाईलवर शुभेच्छांची चित्रं सरकवत बसला होता. यंदा एका ॲपवर स्वतःचा फोटो चिकटवून मिळत होता. गावातल्या सगळ्यांनी तो चिकटवलाही होता. मेडिकलवाला, पंक्चरवाला, गिरणीवाला, सगळे एकाच बैलाच्या शेजारी एकाच तोरणाखाली हात जोडून उभे. अंगठा सरकत होता आणि चेहरे बदलत होते, बैल तोच. पाहता पाहता केदारनाथचे डोळे जड झाले.

मग वारा आला. आधी झुलींमधून आला, मग माळांमधून. एक माळ जाड आवाजात वाजली, दुसरी किणकिणली, तिसरी नुसती खुसखुसली. आतल्या पोत्यावर डोळे मिटून पडलेले नागप्पा झोपेत बोलावं तसं बोलले, "आला का पतंग्या? ये. वजीरला घिऊन आलास न्हवं?"

केदारनाथनं डोळे उघडले नाहीत.

"आप्पारावचा शिंग्या... पाय धुवून ये रं. चिखलाचा आलास." माळ वाजली. "हां. आणि हा कोण? हौशा. चंद्रभागेचा हौशा. मागं कावून हुबा? फुडं ये, लाजतोस काय. आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. समद्यांनी या."

अर्धवट झोपेत केदारनाथला ते दिसले. पेठेच्या टोकाकडून पातळ उजेडातून बैल येत होते, सावकाश, मालकांशिवाय, जणू आपापल्या कामाला निघालेली प्रतिष्ठित मंडळी. दाराशी येऊन आपली माळ कुठली ते पाहत होते. कुणाच्याही शेजारी तोरण नव्हतं. कुणीही हात जोडून उभं नव्हतं.

जाग आली तेव्हा मोबाईल छातीवर पडला होता आणि त्यावर गिरणीवाला हात जोडून हसत होता. केदारनाथनं त्याला पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशी, खांदेमळणीच्या सकाळी, त्यानं लटकत्या माळांचा एक फोटो काढला. चांगला आला नाही. एका कोपऱ्यात नागप्पांचा हात आला होता, सुई धरलेला. तो कापायला गेला आणि थांबला. हात राहू दिला. मग खाली एका बोटानं टाईप करत बसला. पहिल्यांदा 'समस्त शेतकरी बांधवांना' लिहिलं. वाचलं. ते त्याचं नव्हतं, कुठल्याही मेडिकलवाल्याचं असू शकलं असतं. पुसलं. मग जे लिहिलं ते असं:

*हे बैलांसाठी हाय. मालकांनी वाचून दाखवा.*

*शहादेवच्या पतंग्या आणि वजीर, आप्पारावच्या शिंग्या, भामाकाकूच्या चिमण्या, चंद्रभागाकाकूच्या हौशा आणि समदे. तुमच्या माळा ओवून तयार हायती. काल दुपारी वारा त्या वाजवून बघत होता. त्याला जमलं न्हाई. ते तुमचंच काम.*

*आमच्या आप्पांनी तुमाला आवाजावरून वळखलं.*

*आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.*

*केदारनाथ नागप्पा घुंगरवाले, उमापूर पेठ*

ना तोरण, ना फुलं, ना सोनेरी अक्षरं. झुलींचा भाव सोडाच, झुली हा शब्दसुद्धा नाही. व्यापारी माणसानं लिहायला नको तसं ते झालं होतं. केदारनाथनं ते स्टेटसला लावलं. ज्यांचे नंबर त्याच्याकडं होते आणि ज्यांच्याकडं त्याचा नंबर जपलेला होता त्यांची एक यादी त्यानं मोबाईलमध्ये केलेली होती, त्या सगळ्यांना एकदम पाठवलं. ज्यांनी त्याचा नंबर साठवलेला नसतो त्यांना असा निरोप पोचतच नाही. म्हणजे गेलं ते नेमकं ओळखीच्यांना. त्यातल्या कुणी 'घुंगरू' नावानं त्याचा नंबर साठवला होता, कुणी 'दोरवाला', आणि शहादेवनं 'पाव्हणा'.

मग तो चहा प्यायला गेला. परत आला तर दाराशी बजरंग उभा. बजरंग हा कमी बोलणारा माणूस, पेठेत आला तरी खरेदी करून निघून जाणारा. आज कमरेवर हात ठेवून उभा होता.

"माझ्या बैलाचं नाव कावून न्हाई?"

"कशात?"

"तुझ्या त्या लिवण्यात. पतंग्या हाय, शिंग्या हाय. त्यो भामाकाकूचा चिमण्यासुदा हाय, जो आदी बसतो मंग चालतो. आन माझा सुलतान न्हाई? सुलतानची माळ तुझ्याच दुकानात हाय, ती बघ, वरची."

"समदे म्हणून लिवलं की."

"समदे म्हंजी कुणीच न्हाई," बजरंग म्हणाला. पेठेत तो इतकी वाक्यं एका दमात कधी बोलला नव्हता.

केदारनाथनं त्याच्यासमोर दुसरं स्टेटस लावलं: 'बजरंगच्या सुलतान, तुजं नाव घ्यायचं राहिलं. राग मानू नको. तुलाबी आवतन.' बजरंगनं ते दोनदा वाचलं, माळ घेतली, पायरी उतरला, आणि परत चढला.

"ती लाल झूल काढ."

"सुलतानला हाय की झूल."

"जुनी हाय. जेवायला बोलावलंय त्याला. जुन्या झुलीत कसा जाईल?"

त्या दिवशी पेठेत हेच चाललं. नाव आलेले कौतुकानं आले, नाव राहिलेले भांडायला आले, आणि दोघंही झुलींकडं बघून थबकले. जेवायला बोलावलंय म्हटल्यावर अंगावर काहीतरी नवं हवं, हा विचार एकाला सुचला आणि बाकीच्यांना तो आपलाच वाटला. भामाबाई, चिमण्याची मालकीण, गोंड्यांची निळी झूल घेऊन गेली आणि जाताना म्हणाली, "बसू दे बसला तर. निळ्या झुलीत बसलेला चांगलाच दिसंल."

आतून शिवगंगा सगळं पाहत होती. एकेक झूल उतरत होती तसा एकेक खिळा तिच्या हातून जात होता. पण तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ती तांदूळ निवडत होती.

दुपारनंतर शहादेव आला. आल्या आल्या बाकावर बसला आणि मोबाईल पुढं केला.

"केदारशेठ, माझ्या पतंग्याला दोन आवतनं आली बे."

शेजारच्या चकलांबा गावातल्या एका दुकानदारानं केदारनाथचं सगळं लिखाण जसंच्या तसं उचलून, खालचं नाव तेवढं बदलून, आपल्या नावानं लावलं होतं. पतंग्या, वजीर, शिंग्या, आप्पांनी आवाजावरून ओळखलं, सगळं. शहादेवच्या मेव्हण्यानं ते चकलांब्याहून पाठवलं होतं आणि खाली विचारलं होतं, 'दाजी, हे तुमचेच बैल का?'

"आता पतंग्यानं जेवायचं कुठं?" शहादेवनं विचारलं. "सकाळी उमापुरात आन दुपारी चकलांब्यात? पायी जाईल का गाडी पाठवतोस?"

केदारनाथ हसला. जरा वेळानं मात्र त्याला वाईट वाटलं, आणि त्यानंतर बरंही वाटलं. चोरण्यासारखं काही आपल्याकडं असेल हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि चोरलं तरी चकलांब्यात ते वाजत नव्हतं. तिथं पतंग्याला कुणी ओळखतच नव्हतं.

"पण केदारशेठ," शहादेव म्हणाला, आणि त्याचा आवाज अचानक कामाचा झाला, "उद्या जेवण किती वाजता हाय?"

"कसलं जेवण?"

"आवतन दिलं न्हवं तू?"

"अरे, त्या शुभेच्छा होत्या."

"बैलाला शुभेच्छा कळत न्हाईत बे. जेवण कळतं." शहादेव उठला, मोरपंखी झूल खांद्यावर टाकली. "मी वाचून दाखवलं दोघांना, तू लिवलंस म्हणून. वजीरनं कान टवकारले. आता मी त्याला काय सांगू, शेठ गंमत करत हुता?"

तो गेला आणि केदारनाथनं आपलंच लिखाण पुन्हा उघडलं. त्यानं हे शब्द आयुष्यभर ऐकले होते, बोललेही होते, पण नेहमी स्वतःच्या गोठ्यात, जेव्हा गोठा होता तेव्हा. आवतन ज्यानं द्यायचं त्यानंच वाढायचं; मालकाशिवाय बैलाला दुसरं कुणी आवतन देतच नाही. त्यानं ते अख्ख्या गावाच्या बैलांना देऊन ठेवलं होतं. आणि हे लोक, जे शुभेच्छांची हजार चित्रं न वाचता पुढं ढकलतात, त्यांनी हे एक नेमकं वाचलं होतं. वाचून वर गोठ्यात जाऊन ऐकवलं होतं.

"आप्पा," तो म्हणाला, "काय करायचं?"

नागप्पा माळ ओवत होते. "कशाचं काय? आवतन मोडतात का कुठं?"

"पण घरी..."

"घरी मला इचारू नको. चूल माझी न्हाई."

चूल जिची होती ती तांदूळ बाजूला ठेवून उठली. दारात येऊन तिनं तुळईकडं पाहिलं. झुली संपल्या होत्या. रिकामे खिळे रांगेनं उभे होते, आणि एका टोकाला एकच माळ उरली होती, न नेलेली.

"खिळे जिंकलात," शिवगंगा म्हणाली.

"हां."

"किती बैलं यायची उद्या?"

केदारनाथ रिकामे खिळे मोजायला लागला. तिनं त्याच्याकडं जरा वेळ पाहिलं. पेठेतली जाणती माणसं सांगतात की शिवगंगेचं ते पाहणं म्हणजे तराजूचा काटा स्थिर व्हायची वाट बघणं.

"डाळ मी शिजवते," ती म्हणाली. "पुरण तुमी वाटायचं. पाट्यावर. आन एकेकाला एकच पोळी, जास्ती न्हाई. पुरणानं बैलाचं पोट फुगतं. कुणाचा बैल आपल्या दारात फुगला तर त्या झुलीबी परत येतील आन खिळेबी जातील."

संध्याकाळी गावभर खांदे मळले गेले. हळदीचा वास पेठेपर्यंत आला. केदारनाथ पाट्यावर बसून पुरण वाटत होता. वाटता वाटता त्याचा खांदा भरून आला, आणि त्याला वाटलं, आपलाही कुणीतरी मळावा. तेवढ्यात दारात चंद्रभागाबाई येऊन उभी राहिली.

चंद्रभागाबाई पेठेमागच्या आळीत एकटी राहायची. नवरा गेल्यावर शेत बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, दिलेलं. तिच्या हातात मोबाईल होता, पुतण्यानं दिलेला, आणि त्यावर केदारनाथचं लिखाण उघडं होतं.

"केदार, हे तू लिवलं का रं?"

"व्हय काकू."

"माझ्या हौशाला आवतन दिलंस?"

"दिलं की. माळबी तयार हाय." केदारनाथनं टोकाच्या खिळ्याकडं बोट दाखवलं, आणि तिचा चेहरा पाहून ते बोट तसंच राहिलं.

"हौशा गेला," चंद्रभागाबाई म्हणाली. "माळ ओवायला टाकली त्याच पावसाळ्यात गेला. लम्पीच्या साथीत. मी माळ न्यायला आले न्हाई. कुणाला घालू म्हणून."

पाट्यावरचा वरवंटा थांबला. केदारनाथला झोपेतला तो मागं उभा राहिलेला बैल आठवला, लाजणारा, ज्याला बापानं पुढं बोलावलं होतं. बापाला काय, त्याला माळ ऐकू येत होती. माळ वाजते तोवर बैल असतो, एवढाच त्याचा हिशेब.

"काकू, माझं चुकलं," केदारनाथ उठून म्हणाला. "मला ठाव न्हवतं. आत्ता काढतो मी त्याचं नाव." त्यानं पुरणाचे हात पुसले आणि मोबाईल उचलला. यादीतल्या लोकांना गेलेलं आता परत येणार नव्हतं, पण स्टेटस तरी पुसता आलं असतं.

"हात लावू नको त्याला," चंद्रभागाबाई म्हणाली.

तिनं ओटीवर टेकत मोबाईल मांडीवर ठेवला. अंगठा काचेवर न लावता नुसता वरून फिरवला, पाठीवरून हात फिरवावा तसा. "गावात कुणी नाव घेत न्हाई त्याचं. मेलेल्या बैलाचं कोण घेतं? माणसाचं न्हाई घेत. हितं तर छापून आलंय. पतंग्या, शिंग्या, चिमण्या, हौशा. बराबर समद्यांमधी. जिता आसल्यावानी." मग तिनं डोळे पुसले नाहीत, नाक पुसलं. "जेवण किती वाजता हाय?"

उत्तर आतून शिवगंगेनं दिलं. "मिरवणूक मारुतीवरून आली की लगीच, काकू. त्याला घिऊन या."

पोळ्याच्या दिवशी बैल मारुतीच्या पारावरून, तोरणाखालून सुटले आणि घरी जायच्या आधी पेठेत वळले. रिमझिम थांबलेली, जमिनीतून वाफ निघत होती. त्या वाफेतून ते येताना पाहिले तेव्हा केदारनाथला क्षणभर कळेना, हे आजचं का परवाच्या दुपारचं. शिंगांना हिंगुळाचा लाल रंग, त्यावर बेगडाची चमक, पाठीवर त्याच्याच दुकानातल्या झुली. पतंग्या आणि वजीर पुढं, सुलतान मागं, आणि चिमण्या पेठेच्या मधोमध निळ्या झुलीत आधी बसला, मग चालला. माळा इतक्या वाजत होत्या की माणसांचं बोलणं त्यात बुडून गेलं. दारात बसलेले नागप्पा डोळे मिटून एकेकाचं नाव घेत होते आणि एकही चुकत नव्हता. घोळ घालत होता तो फक्त शहादेव, कारण तो मधे मधे स्वतःच आपल्या बैलांच्या वतीनं ओरडत होता, "आलो बे! पान वाढा!"

शिवगंगेनं पायरीवर उभं राहून एकेकाला ओवाळलं, एकेकाच्या तोंडात पोळी दिली. वजीरनं पोळीबरोबर तिच्या पदराचं टोकही तोंडात घेतलं. ते तिनं ओढून घेतलं आणि त्याला म्हणाली, "येवढं न्हाई मिळत आवतनात."

शेवटी, बैल संपल्यावर, चंद्रभागाबाई आली. तिच्या हातात पितळी ताट होतं आणि ताटात मातीचा एक बैल, कुंभाराकडचा, अजून पुरता न वाळलेला. शिंगांना कुंकू लावलं होतं. एक शिंग दुसऱ्यापेक्षा आखूड होतं. तिनं ते आपल्या हातानं दाबून तसं केलं होतं, हौशाचं तसंच होतं म्हणून.

आता हसायचं की नाही हे कुणाला ठरवता येईना. मग शहादेवच पुढं झाला, पतंग्याचा कासरा धरून त्याला दोन पावलं मागं घेतलं आणि म्हणाला, "सरक रं. हौशाला जागा दे. मागं हुबा ऱ्हायाची सवय हाय त्याला, पर आज पाव्हणा हाय."

शिवगंगेनं मातीच्या बैलालाही ओवाळलं, तसंच, तितकंच. पोळी त्याच्यापुढं ठेवली. नागप्पा भिंतीला धरून उठले आणि टोकाच्या खिळ्यावरची माळ चाचपून काढली. ताटातल्या बैलाभोवती ती गोल ठेवली. बैल लहान, माळ मोठी. हौशा आपल्याच आवाजाच्या गोठ्यात उभा राहिल्यासारखा दिसला.

"ने आता," नागप्पा म्हणाले. "ओवून ठिवली हाय कवाची."

चंद्रभागाबाईनं माळ उचलली, कानाशी हलवली, आणि परत त्यांच्या हातात दिली. "हितंच वाजू द्या, आप्पा. माझ्या घरात वारा येत न्हाई."

बैल गेले, वाफ विरली. पेठेत शेण आणि बेगडाचे तुकडे राहिले. केदारनाथ आणि शिवगंगा दारात उभे राहून रिकाम्या तुळईकडं पाहत होते.

"महालक्ष्म्या तोंडावर हायती," केदारनाथ म्हणाला. "पुढच्या पोळ्यापत्तूर मी तरी काय लटकवू?"

"मला काय इचारता? खिळे तुमचे."

"तुज्या त्या बांगड्या..."

"भाडं काय लावणार?"

"पुरण वाटायला दुसरा माणूस."

ती हसली आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी त्या खिळ्यांवर बांगड्या, गजरे आणि लक्ष्म्यांचे, म्हणजे गौरींचे, मुखवटे चढले, एक टोकाचा खिळा सोडून. त्यांचा शिवगंगेनं स्वतःच्या मोबाईलवरून काढलेला फोटो दुपारी सगळ्यांना गेला, आणि त्याखाली पेठेतल्या लक्ष्म्यांची नावं होती. कुणाची थोरली, कुणाची धाकटी, कुणाच्या नाकात मोती नाही. हे चकलांब्यात चोरून लावायची कुणाची छाती झाली नाही.

आता कुणी काय भरलं ते एकदा बघून टाकू. झुलींचे पैसे गावानं भरले, ते वसूल झाले. पुरणाचं शिवगंगेच्या हातांनी भरलं, पाट्याचं केदारनाथच्या खांद्यानं. खिळे त्यानं जिंकले आणि तिला दिले. ती हरली आणि तिला मिळाले. ते दोघांनी आपसांत मिटवलं. राहिला टोकाचा खिळा. त्यावर विकायचं काही लागत नाही, त्याचं भाडं कुणी मागत नाही. वारा आला की हौशा वाजतो, आणि न मागितलेलं ते भाडं दर वेळी भरतात नागप्पा, डोळे मिटून, "ये," एवढं म्हणून.